चारपैकी तीन प्रश्नांत पास होणारा संदर्भ, तरी विश्वास ठेवायचा का? (पोर्टर-जिक, १९८०)

मधुरा_क
मंडळी, जरा मदत हवीये. नवीन नर्सिंग स्टाफसाठी वेदनाशामकांवर एक ट्रेनिंग घ्यायचंय आणि त्यासाठी आधीच्या लोकांनी करून ठेवलेलं एक हँडआउट माझ्या हातात आलंय. त्यात ओपिऑइड म्हणजे मॉर्फिन वगैरे गटातल्या औषधांबद्दल एक ओळ आहे, "दुखण्यासाठी ही औषधं दिलेल्या रुग्णांना व्यसन लागण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे" आणि खाली तळटीप, पोर्टर आणि जिक, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९८०.
कुठलाही संदर्भ वापरायच्या आधी मी चार गोष्टी बघते, कोणी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, कोणासाठी लिहिलंय आणि कधी लिहिलंय. इथे लिहिणारे बॉस्टनमधल्या औषधांच्या दुष्परिणामांवर काम करणाऱ्या गटातले, जर्नल जगातल्या सगळ्यात नावाजलेल्यांपैकी एक, वाचक डॉक्टर, आणि विकायला काही नाही. फक्त तारीख जुनी आहे. म्हणजे चारपैकी तीनात पास. तर नुसती तारीख जुनी म्हणून ओळ काढून टाकायची का? की ठेवू?

अभिजीत७७
ठेवा की. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कोणीही उठून काहीही छापून आणू शकत नाही, आणि १९८० साली मोजलेली गोष्ट आज खोटी होत नाही, माणसाचं शरीर तेच आहे. मी एकच जास्तीची गोष्ट बघतो, पेपर मागे घेतलाय का ते. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला, तसं इथे काही झालेलं नसेल तर वापरायला हरकत नाही. उगाच जास्त चिकित्सा करत बसलं तर ट्रेनिंगच होणार नाही.

रानवारा
अहो थांबा, हे तेच प्रकरण ना, अमेरिकेत या औषधांचं व्यसन पसरलं त्या ओपिऑइडच्या साथीचं? ते दोघं लेखक औषध कंपनीला विकले गेलेले होते, सरळ आहे. लेखक बघा म्हणतात ते याचसाठी. फाडून टाका ते हँडआउट.

पानकिडा
मेडिकल लायब्ररीत बरीच वर्षं काम केलंय आणि हा संदर्भ माझ्या खास लक्षात राहिलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
रानवारा, आधी तुमचं. लेखक विकले गेले होते असं म्हणायला काहीही आधार नाही. हर्शेल जिक हे डॉक्टर, त्यांचा गट दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांना कोणती औषधं दिली आणि त्यातून काय काय त्रास झाले याच्या पद्धतशीर नोंदी ठेवायचा. ज्या औषधामुळे पुढे सगळं रामायण झालं ती ऑक्सिकॉन्टिन नावाची ओपिऑइड गोळी बाजारात आली १९९६ मध्ये, म्हणजे या लिखाणानंतर सोळा वर्षांनी. उलट कंपन्यांनी आपल्या लिखाणाचा असा वापर केला याचं वाईट वाटतं असं जिक यांनी पुढे जाहीरपणे सांगितलेलं आहे. तेव्हा लेखक या प्रश्नात हा संदर्भ खरंच पास होतो, तिथे खोट काढायला जाऊ नका.
आता मधुराताई, तुमचा खरा घोळ "कशासाठी" या प्रश्नात आहे. तुम्ही पेपर म्हणताय, पण तो पेपर नाहीये. ते संपादकांना लिहिलेलं पत्र आहे, पाच वाक्यांचं. जर्नलच्या पत्रव्यवहाराच्या पानावर छापलेलं. खंड ३०२, पान १२३, बस. तळटीप नीट बघा, संशोधनाच्या पेपरला सहसा "१२३ ते १२९" अशी पानं असतात, इथे एकच पान दिसेल. आणि पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर काढलंत तर सारांश नाही, आणि Publication types खाली Letter असं लिहिलेलं दिसेल. या दोन खुणा दोन मिनिटांत कळतात.

मधुरा_क
@पानकिडा हे मला खरंच नव्हतं माहीत! तळटीपेत एकच पान आहे, आत्ता परत बघितलं. पण पत्र असलं तरी त्यात आकडे खरे असतील ना? म्हणजे पत्र आहे म्हणून लगेच खोटं थोडीच ठरतं?

पानकिडा
खोटं अजिबात नाही. पत्रात काय आहे ते सांगतो. त्यांच्या नोंदींमध्ये ३९,९४६ रुग्ण होते, सगळे दवाखान्यात भरती झालेले. त्यातल्या ११,८८२ जणांना या गटातलं निदान एक औषध दिलं गेलं. आणि ज्यांना आधी व्यसनाचा इतिहास नव्हता अशांपैकी फक्त चार जणांच्या बाबतीत व्यसनाची बऱ्यापैकी नीट नोंद सापडली, त्यातलं एकच प्रकरण गंभीर. शेवटचं वाक्य साधारण असं की दवाखान्यांत ही औषधं भरपूर वापरली जात असूनही, व्यसनाचा इतिहास नसलेल्या रुग्णांत व्यसन लागणं दुर्मिळ आहे. "दवाखान्यांत" हा शब्द त्या वाक्यातच आहे हो. लेखकांनी मर्यादा लपवलेली नाही.

निनाद_जे
आकड्यांवर बोलतो, माझं काम तेच आहे. ४ भागिले ११,८८२ म्हणजे ०.०३ टक्के, साधारण तीन हजारांत एक. आता छेदात कोण कोण आहे बघा, "निदान एक औषध" दिलेला प्रत्येक जण. म्हणजे वॉर्डात एकच इंजेक्शन मिळालेला माणूसही त्या ११,८८२ मध्ये आणि आठवडाभर औषध घेतलेलाही त्यातच. किती डोस, किती दिवस, काही नाही. आणि अंशात कोण? ज्याच्या व्यसनाची नोंद झाली तो. घरी गेल्यावर दोन महिन्यांनी काय झालं ते या पत्रात कुठेच नाही. तुम्ही ज्या काळात बघतच नव्हता त्या काळातली प्रकरणं तुमच्या अंशात येणारच नाहीत.
म्हणून माझ्या मते या आकड्याला "प्रमाण" म्हणणंच धाडसाचं आहे, तो "आमच्या वहीत इतकं दिसलं" असा आकडा आहे. आणि गंमत नाही, गंभीरपणे विचारतो, ही ०.०३ टक्क्यांची "१ टक्क्याहून कमी" कधी झाली? कारण मूळ पत्रात १ टक्का असा शब्दच नाही.

पानकिडा
@निनाद_जे अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. आणि याच्याही मागे एक गोष्ट आहे, "कशासाठी" हा प्रश्न पत्रालाच नाही तर त्या नोंदवहीलाही विचारायला हवा. त्या नोंदी ठेवल्या होत्या औषधाचे दुष्परिणाम टिपायला, रुग्ण वॉर्डात असेपर्यंत. व्यसन शोधायला कोणी बसलेलंच नव्हतं. तयार नोंदींतून एक गोष्ट दिसली ती त्यांनी पत्राने कळवली. पत्रव्यवहाराचं पान असतंच त्यासाठी, "आमच्याकडे असं दिसतंय, बघा कोणाला उपयोग होतोय का".
वाचक कोण ते पण नीट बघा. "डॉक्टर" एवढं उत्तर पुरेसं नाही. १९८० मधला दवाखान्यातला डॉक्टर. त्या काळात वॉर्डात कळवळणाऱ्या रुग्णालाही व्यसनाच्या भीतीने कमी डोस दिला जायचा, ही तक्रार तेव्हाच्या लिखाणात सापडते. त्या डॉक्टरला हे पत्र सांगत होतं की बाबा, तुझ्या समोरच्या खाटेवरच्या माणसाबद्दल एवढी भीती नको. त्या वाचकासाठी ते उपयोगाचं होतं. पण तेच वाक्य उचलून पाठदुखीच्या माणसाला वर्षानुवर्षं घरी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या हातात दिलं की वाचक बदलला, रुग्ण बदलला, औषध घेण्याचा काळ बदलला, आणि वाक्य मात्र तेच राहिलं.

सुलभाताई
माझ्या मिस्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं आणि त्यांना असल्याच गोळ्या दिल्यात, मी तर घाबरून अर्ध्याच देतेय. तर मग ह्या गोळ्या घ्याव्या की नाही घ्याव्या? कोणी नीट सांगेल का, एवढं सगळं वाचून मला अजूनच भीती वाटायला लागली.

पानकिडा
सुलभाताई, घाबरू नका, पण इथल्या कोणाच्या सांगण्यावरून डोस कमीजास्तही करू नका. ज्यांनी लिहून दिल्यात त्यांना आजच फोन करा आणि तीन गोष्टी विचारा, किती दिवस घ्यायच्या, कमी कशा करत आणायच्या, आणि तुम्ही सध्या अर्ध्या देताय हे पण सांगा. इथे बोलणं चाललंय ते या औषधांबद्दलचं एक विधान कुठून आलं त्याबद्दल. वॉर्डात थोडे दिवस औषध घेणाऱ्या माणसाशी ते पत्र खरं तर जवळचं आहे, पण घरी आल्यावर महिनाभरानंतरचं काही त्यात नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही, ते डॉक्टरांकडेच आहे.

सुलभाताई
बरं वाटलं वाचून. करते फोन.

अभिजीत७७
सगळं वाचलं. पत्र आहे हे मान्य, मर्यादा आहेत हे पण मान्य. पण मग माझा प्रश्न तसाच आहे, पत्र मागे का नाही घेतलं? एवढा घोटाळा झाला तर जर्नलने काहीच केलं नाही? आणि काही केलं नसेल तर सामान्य वाचकाने काय ओळखायचं?

पानकिडा
मागे घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच हो. मागे घेतात ते खोटे आकडे किंवा मोठी चूक असेल तर. इथे आकडे जसे होते तसे दिले होते. म्हणून "मागे घेतलं नाही म्हणजे वापरायला हरकत नाही" ही तुमची कसोटी अर्धीच आहे, खोटेपणा त्यातून पकडता येतो पण चुकीच्या जागी वापरलेला खरेपणा पकडता येत नाही.
जर्नलने केलं ते असं. २०१७ च्या जूनमध्ये कॅनडातल्या काही संशोधकांचं एक पत्र त्याच जर्नलमध्ये आलं, त्यांनी १९८० च्या या पत्राचा उल्लेख कोणी कोणी कसा केला ते मोजलं होतं. ६०८ ठिकाणी उल्लेख. त्याच सुमारास तिथे छापलेल्या तशाच इतर पत्रांचे उल्लेख बघितले तर मधला आकडा ११ येतो, यावरून अंदाज करा. त्या ६०८ पैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी "व्यसन क्वचितच लागतं" याचा पुरावा म्हणून ते वापरलं. आणि जवळजवळ ८१ टक्के लोकांनी हे रुग्ण दवाखान्यात भरती झालेले होते एवढंसुद्धा लिहिलं नाही. उल्लेखांची संख्या ऑक्सिकॉन्टिन आल्यानंतर एकदम वाढलेली दिसते. त्यानंतर जर्नलने मूळ पत्राच्या वेबपेजवर संपादकीय टीप टाकली की हे पत्र फार मोठ्या प्रमाणावर आणि न तपासता उद्धृत केलं गेलंय, वाचकांनी लक्षात घ्यावं.
म्हणजे तारखेचा मुद्दा पण बघा कसा फिरतो. मधुराताई म्हणाल्या तारीख जुनी म्हणून शंका, अभिजीत म्हणाले जुनं असलं तरी काय बिघडलं. माझ्या मते नुसतं जुनं की नवं हे बघून भागत नाही. तारीख दोन ठिकाणी लावून बघायची. एक, ज्या गोष्टीबद्दल दावा आहे ती गोष्ट तेव्हा होती का? सोळा वर्षांनी आलेल्या औषधाला आणि घरी दीर्घकाळ घेण्याच्या पद्धतीला १९८० च्या वॉर्डातला पुरावा लावलेला दिसला की तिथेच थांबायचं. आणि दोन, मधे कोणी त्यावर काही म्हटलंय का, म्हणून मूळ पान आज उघडून बघायचं. जुनी फोटोकॉपी घेऊन बसलात तर ती संपादकीय टीप तुम्हाला कधीच दिसणार नाही.

रानवारा
बरं, लेखकांबद्दलचं मागे घेतो. पण मग कंपनीचा हात कुठे आला यात? काहीतरी केलंच असेल ना त्यांनी?

पानकिडा
केलं की, आणि ते नोंदीत आहे. ऑक्सिकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यू फार्माच्या प्रचारात "१ टक्क्याहून कमी" हे वाक्य होतं. १९९८ मध्ये त्यांनी डॉक्टरांसाठी वाटलेल्या एका व्हिडिओत एक डॉक्टर कॅमेऱ्यासमोर तेच सांगतात. २००७ मध्ये त्यांच्याशी संलग्न कंपनीने आणि तीन अधिकाऱ्यांनी औषधाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून ६० कोटी डॉलरच्या वर गेली. तेव्हा रानवारा, तुमचा संशय बरोबर होता, माणूस चुकीचा पकडला होता. मूळ लेखकाला हेतूचा प्रश्न विचारून उपयोग नव्हता, ते वाक्य मधे उचलून पुढे देणाऱ्याला विचारायला हवा होता. साखळी असते ना, पत्र, मग कोणीतरी लिहिलेला आढावा, मग पाठ्यपुस्तक, मग माहितीपत्रक, मग तुमचं हँडआउट, तर चार प्रश्न प्रत्येक कडीला वेगळे. आणि प्रत्येक कडीला पत्राचं वजन वाढत जातं, मधल्या काळात लोकप्रिय नियतकालिकांत तर त्याला मोठा अभ्यास म्हणून गौरवलं गेलं.
आणखी एक, हे मी पत्रातच वाचलेलं. त्या चार जणांपैकी एकाला पर्कोडान दिलं होतं, आणि पर्कोडानमध्ये ऑक्सिकोडोन असतं, म्हणजे ऑक्सिकॉन्टिनमधलंच औषध. यावरून काही सिद्ध होत नाही, एका माणसावरून काय होणार, पण ज्यांनी या औषधाच्या बाजूने हे पत्र नाचवलं त्यातल्या किती जणांनी ती पाच वाक्यं पूर्ण वाचली असतील असा प्रश्न मला कायम पडतो.

निनाद_जे
आता मधुराताईंना आकडा द्यायला हवा ना काहीतरी. दीर्घकाळच्या दुखण्यासाठी ओपिऑइड घेणाऱ्यांवर २०१५ मध्ये वेदनेवरच्या एका जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात व्यसनाचं सरासरी प्रमाण ८ ते १२ टक्के असं निघालं. पण तोही डोळे झाकून छापू नका, वेगवेगळ्या अभ्यासांत व्यसन कशाला म्हणायचं याची व्याख्याच वेगळी होती आणि आकडे खूप पसरलेले होते. निदान रुग्ण कोण आणि औषध किती काळ हे तरी त्यात सांगितलेलं आहे.

अभिजीत७७
मला अजून एक गोष्ट पटत नाही. प्रत्येक तळटीपेच्या मुळापर्यंत जायचं म्हटलं तर एका हँडआउटला महिना लागेल. पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवूनच जग चालतं. जे पाठ्यपुस्तक लिहितात त्यांनी तपासावं, आपण सामान्य माणसांनी कुठवर जायचं?

पानकिडा
तुमचं म्हणणं चूक नाही, मीही सगळ्या तळटीपा तपासत नाही. मी जातो ते दोनच वेळा. वाक्य सांगणाऱ्याच्या फार सोयीचं असेल तेव्हा, आणि वाक्यातला दावा मोठा पण खालचा संदर्भ एका पानाचा असेल तेव्हा. इथे दोन्ही होतं. पण ६०८ पैकी बहुतेक लिहिणारे डॉक्टर आणि संशोधकच होते, तपासणं त्यांचंच काम होतं, त्यामुळे "वरच्यांनी तपासावं" यावर मला आता तेवढा भरवसा राहिलेला नाही. एक सवलत मात्र देतो, त्या काळी १९८० चा अंक बघायचा तर लायब्ररीत जाऊन बांधीव खंड काढायला लागायचा आणि बरेच जण दुसऱ्याच्या यादीतून तळटीप उतरवून घ्यायचे. आज ते कारण उरलेलं नाही.

रानवारा
आणि जर्नलचं काय? टीप टाकायला ३७ वर्षं? २००७ मध्ये गुन्हा कबूल झाला तेव्हाच का नाही टाकली?

निनाद_जे
जर्नलने तरी कसं ओळखायचं, त्यांच्याकडे हजारो पत्रं असतात. कोण कुठे काय उद्धृत करतंय त्यावर पहारा ठेवणं हे जर्नलचं काम आहे असं मला नाही वाटत.

रानवारा
मला वाटतं. ६०० च्या वर उल्लेख एका पाच वाक्यांच्या पत्राला, कोणाच्या तरी डोळ्यांवर यायला हवं होतं. राहू दे, आपलं नाही जुळायचं यावर.

मधुरा_क
सगळ्यांचे आभार. पबमेडवर काढून बघितलं, पानकिडा म्हणाले तसंच, प्रकार Letter, सारांश नाही. जर्नलच्या पानावर ती संपादकीय टीपही आहे. मग हँडआउट ज्यावरून बनवलं ती जुनी फाइल कपाटातून शोधली. त्यात एका औषध कंपनीच्या माहितीपत्रकाची फोटोकॉपी निघाली आणि "१ टक्क्याहून कमी" हे वाक्य शब्दशः तिथलं आहे, तळटीपेसकट. म्हणजे आमच्याकडे कोणी मूळ पत्र उघडलेलंच नव्हतं, तळटीप तेवढी पुढे आली.
तर आता ती ओळ काढलीये. तिच्या जागी दोन वेगळी वाक्यं लिहिलीत. वॉर्डात, देखरेखीखाली, थोडे दिवस औषध घेणाऱ्यांबद्दल एक, त्यात आकडा नाही, फक्त भीतीपोटी दुखणं अंगावर काढायला लावू नका आणि डिस्चार्जच्या वेळी किती दिवस घ्यायचं ते नीट समजावून सांगा एवढंच. दुसरं वाक्य दीर्घकाळ घेणाऱ्यांबद्दल, त्यात २०१५ च्या आढाव्याचा आकडा आणि सोबत व्याख्या वेगवेगळ्या आहेत हे पण.
एकच राहिलं. हँडआउटमध्ये अजून अकरा तळटीपा आहेत, त्यातल्या तीन एकाच पानाच्या आहेत. @पानकिडा, त्या इथे टाकल्या तर बघाल का?

पानकिडा
टाका. लेखकाचं नाव, साल, अंक, पान एवढं द्या, आणि त्या तळटीपेच्या वर हँडआउटमध्ये जे वाक्य आहे ते जसंच्या तसं द्या, त्याच्याशिवाय बघून काही उपयोग नाही.